उशीखालचा पंप

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ चुका झाल्या, पण बहुतेक घरापुरत्या. भात करपला, लोकरीचा स्वेटर कढत पाण्यात घातला, चुलत जावेला भरल्या मांडवात तिच्या सवतीच्या नावानं हाक मारली. ही एक चूक मात्र मी रंगीत खडूंनी चित्र काढून भिंतीवर लावली होती, आणि तिच्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं.

मी सरकारी दवाखान्याच्या छातीच्या विभागात पंप शिकवते. दम्याचे. तोंडात धरून ओढायचे असतात ते. मी नर्स नाही, कुणीच नाही. केसपेपर लिहायला म्हणून लागले होते. पंप शिकवणारी सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली ती परत आलीच नाही, आणि तिचं टेबल माझ्या गळ्यात पडलं. चार दिवस तिच्या शेजारी बसून पाहिलं होतं, बाकीचं खोक्यातल्या घडीच्या कागदावरून वाचून काढलं. तो कागद इतका बारीक अक्षरांत असतो की वाचणाऱ्याला आधी डोळ्यांच्या विभागात जावं लागतं.

टेबल व्हरांड्याच्या कोपऱ्यात, लिफ्टच्या विरुद्ध टोकाला. एक हिरवा पडदा, तीन खुर्च्या, हातात धरायचा आरसा आणि औषध नसलेला शिकवायचा पंप. माणूस समोर बसला की मी म्हणायची, हलवा, श्वास पूर्ण बाहेर सोडा, पंपाभोवती ओठ घट्ट मिटा, दाबतानाच सावकाश ओढा, आता दहा आकडे होईपर्यंत धरून ठेवा. हे सगळं तो माझ्यासमोर करायचा, चुकायचा, हसायचा, पुन्हा करायचा. शेवटी एकच गोष्ट उरायची, ती म्हणजे चूळ भरून थुंकणं. पण नळ पार लिफ्टपाशी. तिथवर माणूस नेऊन चूळ भरायला लावायची म्हणजे इथे रांग लांबत बसायची. म्हणून ते मी नुसतं तोंडानं सांगायची. मग उठून चाललेल्या माणसाच्या पाठीला सांगायला लागले. मग कधी तरी सांगेनाशी झाले. कुठल्या दिवशी, ते मला आजही सांगता येणार नाही. घरातला एखादा चमचा कधी हरवला ते कुठे कळतं? पुढे कधी तरी शोधायला गेलं की तो नसतो एवढंच.

माझी डोकेदुखी निराळीच होती. लोक पंप घ्यायला विसरायचे. निळा पंप कुणी विसरत नाही, कारण धाप लागली की तो ओढायचा आणि पाच मिनिटांत बरं वाटायचं. दुसरा पंप रोजचा. त्यात स्टेरॉइड असतं, ते श्वासनळ्यांची सूज हळूहळू उतरवतं, दम उठूच देत नाही. पण ओढल्या ओढल्या काहीच वाटत नाही. आणि ज्यानं काही वाटत नाही त्याला आपल्याकडे औषध म्हणत नाहीत. महिन्यानं माणूस यायचा, पंपाच्या पाठीवरचा उरलेल्या मात्रांचा आकडा पाहावा तर जेमतेम दहानं खाली आलेला.

मग मला युक्ती सुचली. पंप उशीखाली ठेवायचा. रात्री पाठ टेकली की हात उशीखाली, दोन वेळा ओढायचा आणि झोपायचं. सकाळी डोळे उघडले की तेच. मी सहा चौकोनांचं चित्र काढलं. शेवटच्या चौकोनात एक जाडगेला माणूस डोळे मिटून पडलाय आणि उशीखालून पंपाचं नाक बाहेर आलंय. लोकांना तो माणूस फार आवडला. "हा तर आमचा जावई," म्हणायचे. पुढच्या महिन्यात आकडे झरझर खाली आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मला शिकून पंधरा वर्षं झाली, मला का नाही सुचलं हे?" बाहेरून तपासणीला आलेल्या एका मोठ्या डॉक्टरांनी चित्राचा फोटो काढून नेला. त्या संध्याकाळी मी घरी इतकं सांगितलं, इतकं सांगितलं की नवरा म्हणाला, "पंपातली हवा तुझ्याच डोक्यात गेलेली दिसते."

तर दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोर्टात पुकारा करतात. पांढरा पोशाख, कमरेला पट्टा, आणि तीन नंबरच्या न्यायदालनाच्या दाराशी सव्वीस वर्षं उभे. आत कारकुनानं कागद वर काढला की दाजी दारात येऊन दोन्ही पक्षांची नावं पुकारतात, तीनदा. तिसऱ्या हाकेला जो आला नाही तो गैरहजर, आणि मग त्याचं जे व्हायचं ते होतं. दाजींचा आवाज मोठा होता असं म्हणणं कमी पडेल. तो व्हरांड्यातून वळायचा, जिना उतरायचा, फाटकाबाहेर चहा पीत उभ्या असलेल्या माणसाला हाताला धरून वर आणायचा. घरातही तसंच. ताई सांगते, मुलं लहान असताना जेवायला तीनदा पुकारायचे आणि तिसऱ्यांदा नाही आली तर पानं उचलायचे. "निकाल लागला," म्हणायचे.

या माणसाला दमा होता आणि त्यानं तो वर्षभर कुणाला कळू दिला नाही. जिन्यावर मधेच थांबून खिसे चाचपायचे, जणू काही विसरलंय. ते मी पकडलं, मीच त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं आणि माझ्याच टेबलावर बसवून पंप शिकवला. दाजींना सांगणं सोपं. ते सल्ला ऐकत नाहीत, हुकूम पाळतात. "उशीखाली?" "उशीखाली." "बरं." संपलं. दोन महिन्यांत ते जिना एका दमात चढायला लागले. नातेवाइकांत जिथे जातील तिथे सांगायचे, "धाकटीनं मला श्वास दिला." मी "इश्श, काहीतरीच," म्हणायची आणि पुढचं वाक्य ऐकायला जवळ सरकायची.

चौथ्या महिन्यात त्यांचा आवाज बसला. आधी वाटलं, सर्दी. मग पंख्यावर आळ आला, मग फायलींच्या धुळीवर. आवाज जाड झाला, मग फाटला, वरचे सूर लागेनात. दाजी कमी बोलायला लागले. जेवताना तिखट बाजूला सारायचे, दूधभात मागायचे. "कशालाच चव नाही," म्हणायचे, आणि ताई साहजिकच ते स्वतःवर ओढून घ्यायची. बोलताना तोंडावर रुमाल धरायची सवय लागली. एका बारशाला आमच्या आत्तेभावानं माझ्या कानात विचारलं, "तुझे दाजी चोरून तंबाखू खातात काय गं?" ज्या माणसानं उभ्या जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याच्याबद्दल. मी आत्तेभावाला चार शब्द सुनावले. पण रुमाल कशासाठी, हे विचारायला मी दाजींकडे गेले नाही. मला कामं होती. माझं चित्र दुसऱ्या दवाखान्याला हवं होतं, त्याची मोठी प्रत काढत होते.

मग एका दुपारी ताईचा फोन आला.

"त्यांनी पंप बंद केलाय."

"कधीपासून?"

"आज सोळा दिवस. उशीखाली आहे, पण आकडा हलत नाही. मी रोज बघते. शेहेचाळीस म्हणजे शेहेचाळीस."

"का पण?"

ताईनं सांगितलं ते असं. कोर्टात एक शिवणकाम करणारी आजी होती. तिच्या राहत्या खोलीचा दावा, सात वर्षं चाललेला. गुडघ्यानं बेजार, म्हणून ती दाराशी उभी न राहता व्हरांड्याच्या वळणापलीकडच्या बाकावर बसायची. सात वर्षं तिथे बसून तिला दाजींचा आवाज ऐकू आला होता. सोळा दिवसांपूर्वी दाजींनी तिचं नाव तीनदा पुकारलं आणि ते वळणापर्यंत पोचलंच नाही. दावा काढून टाकला गेला. तासाभरानं आजी भिंतीला धरून दारापाशी आली आणि म्हणाली, "दादा, आज माझं नाव अजून कसं नाही आलं?"

"त्या दिवशी घरी आले ते बूटसुद्धा न काढता बसून राहिले," ताई म्हणाली. "म्हणाले, पंपानं माझा आवाज खाल्ला. तेव्हापासून बंद. आणि आता पुन्हा छाती वाजते, अगं. भिंतीपलीकडून ऐकू येते. न्यायाधीश साहेब म्हणालेत की महिनाभर बघू, नाही तर तुम्हाला दारावरून काढून खाली फायलींच्या खोलीत देऊ. तळघरात. त्या धुळीत हे चार दिवस तरी टिकतील का?"

मी गेले. दाजी खिडकीपाशी बसले होते, तोंडावर रुमाल.

"दाजी, आ करा."

मान हलवली. नाही.

"मी बाहेरची आहे का?"

"बाहेरची असतीस तर केला असता," ते म्हणाले. म्हणाले म्हणजे काय, रद्दीचा कागद फाटावा तसा आवाज. "वाईट आहे ते. बापाला होतं तसलंच असणार. मला माहीत आहे. तुझ्या बहिणीला सांगू नकोस."

ताई दारातच उभी होती, पदराचं टोक दातांत धरून. मग मात्र दाजींनी रुमाल खाली घेतला.

मी मोबाइलचा दिवा पाडला. टाळूवर, गालांच्या आत, जिभेच्या मागच्या भागावर पांढरे चट्टे. दही सांडून तसंच राहावं तसे. काही ठिकाणी लाल, सोललेलं. "हे काय?" "चमच्यानं खरवडतो मी," ते म्हणाले. "निघतं. मग रक्त येतं. सकाळपर्यंत पुन्हा असतंच."

हे मी पाहिलं नव्हतं, पण वाचलं होतं. त्या बारीक अक्षरांच्या कागदावर. तोंडात बुरशी येणे, आवाज बसणे. आणि त्याच्याच खाली, प्रत्येक वेळी पंप घेतल्यावर चूळ भरा, गुळण्या करा, पाणी थुंका.

"दाजी, पंप घेतल्यावर चूळ भरत होतात का?"

"चूळ?" ते माझ्याकडे पाहत राहिले. "तूच तर सांगितलंस. ओढायचा आणि गप झोपायचं."

तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की दाजी, हे तुमच्या बापाचं दुखणं नाही, हे माझ्यामुळे झालंय. आठ-नऊ शब्द. मी काय म्हटलं? "काही नाही, घाबरू नका, डॉक्टरबाईंना दाखवू. यावर औषध असतं." आणि ताईनं केलेला चहा प्यायले. बिस्किटही खाल्लं. वाटेत बसमध्ये मी स्वतःला समजावत होते, की आपली माहिती कच्ची, आधी डॉक्टरांनी बघू दे, उगीच घोळ नको. माणूस स्वतःशी खोटं बोलायला लागला की त्याची भाषा फार सरकारी होते.

दोन दिवसांनी दाजी दवाखान्यात आले. लिफ्ट नेहमीसारखी बंद, दोन जिने चढताना चारदा थांबले, आणि या वेळी खिसे चाचपण्याचं नाटकही केलं नाही. डॉक्टरबाईंनी छाती ऐकली, कपाळाला आठी घातली. मग तोंडात बॅटरी मारली आणि आठी गेली.

"अहो, ही बुरशी आहे. बाकी काही नाही."

दाजींच्या खांद्यांवरून एक पोतं उतरलं. मी पाठीमागे उभी होते, मला नुसती पाठच दिसली, पण पोतं उतरलेलं दिसलं.

"पंपातलं औषध सगळं छातीत जात नाही," डॉक्टरबाई सांगत होत्या. "बरंचसं तोंडात आणि घशातच बसतं. ते तिथे राहिलं की तिथली राखण ढिली पडते. आणि ही बुरशी थोडीफार सगळ्यांच्याच तोंडात असते, तिला रान मोकळं मिळतं. घशाखाली स्वरयंत्रावरही तेच औषध बसतं, म्हणून आवाज जातो. सकाळचा पंप निदान दात घासताना धुतला जात असेल. रात्रीचा मात्र सात तास मुक्कामाला. चूळ भरत नव्हता का तुम्ही?"

दाजी कमरेचा पट्टा नीट करायला लागले.

"की सांगितलं नव्हतं कुणी?"

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. दाजींनी मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. गर्दीत आपलं माणूस आहे ना, एवढं बघावं तसं.

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "मीच विसरलो."

"अहो, असं कसं विसरता? सव्वीस वर्षं कोर्टात नोकरी करता ना? एवढं सोपं काम! लहान मुलंसुद्धा करतात." डॉक्टरबाई बोलतच राहिल्या. वाईट नाहीत हो त्या, सकाळपासून साठ माणसं बघितलेली. "आणि वर मनानं पंप बंद! अटॅक आला असता म्हणजे? हा पंप सोडायचा नाही. तोंडाला थेंब देते, दोन आठवडे, दिवसातून चारदा तोंडात घोळवायचे. पंपाला हे नळकांडं लावायचं, म्हणजे तोंडात कमी बसेल. पंप झाला की चूळ, गुळण्या आणि थुंकायचं, गिळायचं नाही. तोंड महिन्याभराच्या आत साफ होईल. आवाजाला आणखी थोडे आठवडे द्या. ओरडू नका, कुजबुजूही नका, त्यानंही ताण पडतो. समजलं? की हेही विसराल?"

"नाही विसरणार," दाजी म्हणाले. पंचावन्न वर्षांचा माणूस, पट्टा बांधून आलेला, पोरासारखा बोलणी खात उभा. आणि मी दोन पावलांवर, हातात त्यांचा केसपेपर, त्याची कडा बोटांनी सरळ करत. केसपेपर सरळच होता.

बाहेर आलो. लिफ्टपाशी नळ होता, दोरीनं बांधलेला प्लास्टिकचा मग. दाजी तिथे थांबले आणि तो हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिले.

"दाजी, असं का म्हणालात?"

"कसं?"

"मी सांगितलं होतं असं."

ते थोडं हसले. रुमाल नव्हता आता. "तुझी नोकरी आहे ना इथे."

"म्हणून?"

"म्हणून काय! एवढ्या लोकांत तुझं नाव पुकारायचं होतं का मी?"

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला, कारण रडलं की माणसाची अर्धी सुटका होते आणि मला ती नको होती. मी म्हटलं, "त्या आजींचं काय झालं? शिवणकामवाल्या?"

"दावा पुन्हा चालवायला घेतला."

"कसा काय?"

"त्यांनी अर्ज केला. समोरचा वकील म्हणाला, पुकारा झालेला आहे, नोंद आहे, ही बाईच गैरहजर होती. बरोबरच होतं त्याचं." मधे थांबून त्यांनी श्वास घेतला. "मग मी साहेबांना लिहून दिलं. बोलता येत नव्हतं ना. लिहिलं, की पुकारा केला पण आवाज वळणापर्यंत गेला नाही, ते मला पुकारतानाच कळलं होतं, आणि मी तिथवर चालत गेलो नाही कारण मला लाज वाटली. सही केली."

"असं लिहिलंत? लाज वाटली, असं?"

"मग काय लिहू? तेच झालं होतं. म्हणून तर साहेब तळघराचं बोलले. फायलींची खोली शिक्षा नाही, साहेबांचा चांगुलपणा आहे तो. ओरडायला नको म्हणून." त्यांनी हातातला मग सोडून दिला, तो दोरीला लटकत राहिला. "चल, औषधाची खिडकी बंद होईल."

मी त्यांना औषधाच्या रांगेत उभं केलं आणि परत फिरले. डॉक्टरबाईंच्या दारात दोन पेशंट होते, त्यांना "एक मिनिट हं," म्हणून आत घुसले. एरवी असं कुणी घुसलं तर मीच हाकलते.

"बाई, त्यांना मी सांगितलं नव्हतं."

"काय?"

"चूळ. ते खोटं बोलले, माझ्यासाठी. मी त्यांना उशीखाली पंप ठेवून ओढून झोपायला सांगितलं. ते माझ्या बहिणीचे यजमान आहेत. आणि एकट्यांनाच नाही. सगळ्यांनाच तसं सांगितलंय."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मी ओरडण्याची वाट बघत होते, खरं सांगते, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या भिंतीकडे बघायला लागल्या, जणू ते चित्र विटांमधून पलीकडे दिसत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. दोन दिवस आरशात तेच बघत होते.

"मी रोज त्या चित्राखालून जाते," त्या म्हणाल्या. "शाबासकी दिली मी तुम्हाला. सहा चौकोन मोजले, सातवा नाही हे बघितलं नाही." मग एकदम, "या महिन्यात आवाज बसलेले तिघे आले. मी घशाच्या विभागात पाठवले. देवा." आणि मग, "किती जणांना सांगितलंय?"

"पाच महिने झाले. वहीत नावं आहेत. फोन नंबरही."

"ही वेळ बदला. पंप झोपताना नको, दात घासायच्या आधी. ब्रशच्या शेजारी ठेवायला सांगा. म्हणजे विसरणारही नाहीत आणि पुढे तोंड आपोआप धुतलं जाईल. ब्रश झाला तरी गुळण्या करून थुंकायला सांगाच." मग त्यांनी पेन उचललं. "दुसऱ्या दवाखान्याला मी फोन करते. तो फोटो नेणाऱ्या डॉक्टरांनाही. लोकांना तुम्ही करा."

"काय सांगू लोकांना?"

"जे मला सांगितलंत ते."

मी चित्र उतरवलं. जाडगेल्या माणसाला घडी पडली. मग वही काढून टेबलाशी बसले. दोनशे अकरा नावं. पहिला नंबर फिरवायच्या आधी मी एक वाक्य जुळवलं, "दवाखान्याकडून एक सुधारित सूचना आहे." छान होतं वाक्य. त्यात कुणीच काही केलेलं नव्हतं.

पहिला फोन एका बेकरीवाल्याला. "सुधारित सूचना" म्हणेपर्यंत त्यानं "कर्ज नको आम्हाला" म्हणून फोन ठेवला. पुन्हा लावला.

"अहो, मी पंपवाली! व्हरांड्यातली!"

"अरे, मावशी होय! बोला, बोला. पंप ओढतो हो रोज. उशीखाली."

"उशीखाली ठेवू नका. मी चुकीचं सांगितलं तुम्हाला."

पलीकडे भट्टीचा आवाज. "चुकीचं म्हणजे?"

सांगितलं. तोंडात पांढरं काही दिसतं का, विचारलं. त्याचं तोंड साफ होतं. म्हणाला, "मावशी, मी पंप ओढला की वर तांब्याभर पाणी पितो, मला सवय आहे." तर पिऊ नका, आधी थुंका, असं सांगितलं. त्यानंतर एक शाळेच्या बाई, वर्गावर आवाज लागत नाही म्हणून शिट्टी विकत घेतलेल्या. त्यानंतर एकजण म्हणाले, "मी पहिल्यापासून चूळ भरतो. तुमचं ऐकलंच नाही मी कधी." मी त्यांचे आभार मानले. एका सुनेनं फोनवरच सासूला आ करायला लावलं आणि "अगं बाई" म्हणाली. त्यांना उद्याचा नंबर दिला. एकानं मला मनसोक्त शिव्या घातल्या. तो थांबेपर्यंत मी फोन कानाला धरून ठेवला, आणि मग त्यालाही उद्याचा नंबर दिला.

नवव्या की दहाव्या फोनला पडदा सरकला. दाजी. हातात औषधाची पिशवी आणि ते नळकांडं, काखेत छत्री धरावी तसं धरलेलं.

"घरी नाही का जायचं, धाकटे? तुझी बहीण वाट बघत असेल."

"तुम्ही व्हा पुढे. मला वेळ लागेल."

त्यांनी वही पाहिली, उतरवलेलं चित्र पाहिलं, माझं तोंड पाहिलं. काय झालं ते विचारलं नाही. खुर्ची ओढून शेजारी बसले.

"तुम्हाला बोलायची बंदी आहे हां," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. खिशातून पेन्सिल काढली, बोललेल्या नावांवर एकेक बारीक रेघ मारली, कोर्टातल्यासारखी, आणि पुढच्या नावाखाली बोट ठेवलं. एक निवृत्त मास्तर होते. मी नंबर लावला.

"कोण?" मास्तर म्हणाले. आवाज घोगरा होता.

"मी दवाखान्यातून बोलतेय, सर. पंप शिकवणारी. तुमचा आवाज कधीपासून बसलाय?"

"दोन महिने झाले. का?"

"तुम्ही पंप घेताय अजून?"

मास्तर घुटमळले. शिकवणाऱ्या माणसाला गृहपाठ न केल्याची लाज फार असते. "मधे... मधे सोडला मी. विसरलो जरा."

"विसरला नाहीत, सर," मी म्हटलं. "मी सांगितलंच नव्हतं. ऐका."

दाजींचं बोट खालच्या नावावर सरकलं नव्हतं. मास्तरांना पहिल्यापासून सगळं सांगून होईपर्यंत ते तिथेच राहिलं.